अकबरीला पत्र का नाही?

उर्दू जाणणाऱ्या घरांत एके काळी लेकीच्या रुखसतीच्या सामानात एक पुस्तक हमखास असायचं: डिप्टी नज़ीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’, म्हणजे नववधूचा आरसा. 1869 साली आलेली ही कादंबरी उर्दूतली पहिली कादंबरी मानली जाते. मुलींनी वाचावं असं काही बाजारात मिळेना, म्हणून नज़ीर अहमद यांनी ती आधी आपल्या मुलीसाठीच लिहिली. म्हणजे या पुस्तकाचा जन्मच बाप आणि लेक यांच्यामध्ये झाला.

गोष्ट दिल्लीतल्या दोन बहिणींची. थोरली अकबरी आजीच्या लाडात वाढलेली, हट्टी. सासरी तिचं कुणाशी पटत नाही. वेगळं बिऱ्हाड करते, तर हज्जन बनून आलेली एक ठग बाई तिचे दागिने घेऊन पसार होते. धाकटी असगरी शिकलेली, समजूतदार. त्यांचे वडील दूरंदेश खान नोकरीमुळे दिल्लीबाहेर असतात. असगरीच्या लग्नाच्या वेळी ते तिला एक लांबलचक पत्र पाठवतात. माहेरचे बेफिकीर दिवस संपले, आता नवऱ्याचा अदब राख, असा त्याचा एकूण सूर आहे.

आजच्या मुलींना हे पत्र बोचतं, आणि ते स्वाभाविक आहे. त्यात नवऱ्याचा दर्जा वरचा आहे हे गृहीतच धरलेलं आहे. पण एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बाप हे लेकीच्या आईला किंवा भावाला सांगत नाही, थेट तिला लिहितो. ती वाचेल, विचार करेल, यावर त्याचा भरवसा आहे. त्या काळात अनेक घरांत मुलींना वाचू दिलं तरी लिहायला शिकवायला लोक कचरत. अशा वेळी हा भरवसा लहान नव्हता.

पुढे हीच अक्षरओळख असगरीच्या हातात वेगळंच काम करते. सासरची जुनी मोलकरीण मामा अज़मत वर्षानुवर्षं उधारीच्या सामानात हात मारत असते. असगरी दुकानदारांकडचे हिशेब ताडून पाहते आणि चोरी उघड होते. ती घरातच मुलींचा मकतब चालवते, बड्या घरची हट्टी हुस्नआरा तिच्याकडे शिकायला येते. बापाने आज्ञाधारक राहायला सांगितलेली मुलगी हळूहळू घराची कारभारीण होते. असं काही होईल, हे पत्र लिहिताना दूरंदेश खानांच्या मनात नसावं. शिक्षणाचं असंच असतं. बाप देतो एका हेतूने, लेक वापरते तिच्या गरजेने.

हे सगळं मी इतक्या वर्षांत अनेकदा वर्गात सांगितलं आहे. पण मागच्या महिन्यात घरी धाकट्या मुलीला कादंबरी वाचून दाखवत होतो. ती अकरावीला आहे, मुळशीहून रोज बसने पुण्याला जाते. पत्र ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “अब्बा, अकबरीला त्यांनी पत्र का नाही लिहिलं?”

मला उत्तर सुचेना. कादंबरीत अकबरीच्या बिघडण्याचा दोष आजीच्या लाडांवर जातो. बाप तेव्हा कुठे होता, हे कुणी विचारत नाही. ज्या लेकीला सल्ल्याची जास्त गरज होती, तिच्या नावाचं पत्र आपल्याला वाचायला मिळत नाही. मिळतं ते आधीच शहाण्या असलेल्या लेकीच्या नावाचं.

आणि मला माझी थोरली आठवली. दहावीत गणितात राहिली. मी चिडलो, दोन महिने नीट बोललो नाही. पुन्हा परीक्षेला बसवलं नाही, एकोणिसाव्या वर्षी निकाह करून दिला. धाकटी हुशार, म्हणून तिच्यासाठी बसचा पास, क्लासची फी, रात्री थांब्यावर घ्यायला जाणं. एकाच घरात, एकाच बापाने, अवघ्या सहा वर्षांत दोन पिढ्या केल्या.

हज़रत फ़ातिमा (र.) आल्या की प्रेषित (स.) उठून उभे राहत, त्यांना आपल्या जागी बसवत, हे आपण जलशात ऐकतो. लेकीचे गुण पाहून कुणी उभं राहत नाही, लेक आली म्हणून उभं राहतं. हे मी कितीदा वर्गात सांगितलं असेल.

त्या रात्री थोरलीला पत्र लिहायला बसलो. तीन ओळींपुढे गेलो नाही, म्हणून फोनच केला. दहावीचा फॉर्म पुन्हा भरायचा का, विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अब्बा, हे तेव्हा विचारायचं होतं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “फॉर्म कधी सुटतात?”

मी तारीख काढून कळवणार आहे. तिच्या सासरी आधी ती स्वतः बोलणार आहे, मी मध्ये पडायचं नाही, असं तिनेच बजावलं आहे.