१.३३ चा आकडा आणि वहीतली जुनी उधारी

कर्जाचा प्रोजेक्ट रिपोर्ट करायला गेलेले आपल्याकडचे बरेच दुकानदार एकच सांगतात, "साहेब, रेशो बसवून द्या." बसवायचा असतो तो करंट रेशो, म्हणजे वर्षभरात हाती येणारा पैसा भागिले वर्षभरात द्यायचा पैसा. बँकांना तो १.३३ लागतो. १९७५ च्या टंडन समितीपासूनचा हा हिशोब आहे: माल आणि उधारीत अडकलेल्या पैशाचा निदान पाव हिस्सा मालकाच्या भांडवलातून किंवा लांब मुदतीच्या पैशातून यावा. १०० भागिले ७५, झाले १.३३.

आता समजा, एक कृषी सेवा केंद्र आहे. माल १४ लाख, शेतकऱ्यांकडे उधारी २४ लाख, रोख २ लाख, एकूण ४०. द्यायचे आहेत ३० लाख: बँकेची कॅश क्रेडिट १८ आणि खत-बियाणे कंपन्यांचे १२. रेशो बरोबर १.३३. शिवाय गोदामाचे मुदत कर्ज १५ लाख आणि स्वतःचे भांडवल १५ लाख. म्हणजे एकूण देणे ४५, भांडवलाच्या तिप्पट. कागद पास!

पण त्या २४ लाखांतले १० लाख दोन हंगामांपूर्वीचे आहेत. ते येणार नाहीत हे मालकालाही ठाऊक आहे. ते काढले की ४० चे ३० होतात आणि रेशो १ वर येतो. बुडीत रक्कम भांडवलातूनच जाते, म्हणून १५ चे ५ राहतात आणि देणे तिपटीवरून थेट नऊपट होते. दुकान तेच, वही तीच. फक्त एक ओळ खरी लिहिली.

म्हणून जाणता बँक मॅनेजर आधी रेशो बघत नाही, उधारीची यादी मागतो: कोणाकडे किती आणि किती दिवसांपासून. कारण रिपोर्टमध्ये लपलेले पुढे महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये निघतेच. साधारण ९० दिवसांपुढची उधारी बँक धरत नाही. माल १४ आणि चालू उधारी १४, त्यातून कंपन्यांचे १२ वजा केले की उरतात १६. त्यावर २५ टक्के मार्जिन कापले की उचल मिळते १२ लाखांची. खात्यातून मात्र १८ उचललेले. वरचे ६ लाख भरा, असा फोन ऐन पेरणीत येतो. मग सावकार आहेच.

माझे मत स्पष्ट आहे. रेशो बसवून देणारा दुकानदारावर उपकार करत नाही, आणि यादी न बघता १.३३ वर टिक मारणारा अधिकारीही नाही. रेशो १ येत असेल तर तोच लिहा. जुनी उधारी वसूल करा, भांडवल घाला, नाहीतर कर्ज कमी मागा. १८ लाख मिळवून जुलैत अडकण्यापेक्षा १२ लाखांत दुकान चालवलेले बरे.