बडीशेपेच्या ताटलीत सुपारीचं काय काम?

मंडळी, लग्नसराई सुरू आहे. जेवणाच्या हॉलमधून बाहेर पडताना दाराशी एक टेबल असतं. त्यावर कप्प्याकप्प्याची ताटली. एका कप्प्यात भाजलेली बडीशेप, दुसऱ्यात रंगीत साखरगोळ्या, तिसऱ्यात धनाडाळ आणि चौथ्यात ती गोडगोड, गुलाबाचा वास येणारी सुपारी. पलीकडे पानवाला बसलेला. सगळ्याला मिळून आपण एकच शब्द वापरतो, मुखवास. आणि एकच कारण सांगतो, "जेवण जिरतं हो."

माझा आक्षेप या एका शब्दावर आहे. ताटलीतल्या चार कप्प्यांत चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली एक थोडी कामाची, एक बिनकामाची पण चवीची, एक नुसती साखर आणि एक चक्क घातक. बडीशेपेच्या पुण्याईवर सुपारी आपल्या घरात शिरते, आणि तिला आपणच पाट मांडून देतो, लहान पोरांसकट.

आधी बडीशेपेचं बघू, कारण तिच्यावर अन्याय नको. बडीशेपेत जे तेल असतं, त्यातला मुख्य घटक अॅनिथॉल. तोच तो गोडसर वास. हे तेल आतड्याच्या स्नायूंना थोडं सैल करतं. वात धरून पोटात कळ येते तेव्हा आतडं आवळलेलं असतं. ते सैल झालं की वायू पुढे सरकतो आणि बरं वाटतं. म्हणजे आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण "जेवण जिरतं" हे जरा वाढवून सांगितलेलं आहे. बडीशेप अन्न पचवत नाही. ते काम जठर, स्वादुपिंड आणि आतडं करतात. बडीशेप फक्त वाऱ्याला वाट करून देते.

दुसरा फायदा चावण्याचा. काहीही सावकाश चावलं की लाळ सुटते. लाळ थोडी अल्कधर्मी असते, ती गिळली की घशाशी आलेलं आंबट धुऊन खाली जातं. तोंडात अडकलेले कण निघतात, वास कमी होतो. हे काम बडीशेप करते, तसंच ओवा, जवस, तीळ किंवा एखादी वेलचीही करते. अर्धा ते एक चमचा बडीशेप पुरे. मूठभर खाल्ली म्हणून दुप्पट जिरत नाही.

रंगीत साखरगोळ्यांबद्दल जास्त बोलायला नको. आत एक दाणा बडीशेपेचा, बाहेर साखर आणि रंग. डायबेटिस असलेले आमचे बरेच काका-मामा जिलबीला हात लावत नाहीत आणि दारातून निघताना दोन चमचे गोळ्या तोंडात टाकतात. ती साखर हिशेबात धरायची, एवढंच.

आता सुपारी. इथे जरा थांबून वाचा.

सुपारीत अॅरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. ते मज्जातंतूंवर काम करतं. लाळ सुटते, आतड्याची हालचाल वाढते, अंग गरम होतं, डोक्याला तरतरी येते. जेवणानंतर पेंग यायच्या वेळी ही तरतरी आली की माणसाला वाटतं, जेवण जिरलं. खरं तर ती नशेची पहिली पायरी आहे. म्हणून तर बडीशेप राहिली तर कुणाचं अडत नाही, पण सुपारीवाल्याला सुपारी मिळाली नाही तर तो बेचैन होतो, चिडचिड करतो. पाचक वस्तूची अशी तलफ येत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिने 2004 साली सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का. तंबाखू त्याच गटात आहे. आणि नीट लक्षात घ्या, तंबाखू घातलेली सुपारी असं नाही. नुसती सुपारी. "आम्ही तंबाखू खात नाही, फक्त सुपारी" हे वाक्य मी पंचवीस वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी बोलणारा अभिमानाने सांगत असतो.

कॅन्सर ही पुढची गोष्ट. त्याच्या आधी एक आजार येतो, त्याचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. अॅरेकोलिनमुळे आणि सुपारीतल्या तांब्यामुळे गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली कोलॅजनचे तंतू साचायला लागतात. मऊ गाल आतून चामड्यासारखा होतो. तोंड हळूहळू बंद होत जातं.

आमच्या तालुक्यातल्या एका पोराचं सांगतो. नाव देत नाही, पोराला अजून लग्न करायचंय. किराणा दुकानात कामाला. शाळेत असताना एक-दोन रुपयांच्या गोड सुपारीच्या पुड्या, कॉलेजात पानमसाला, मग दिवसाला दहा-बारा पुड्या. तंबाखू कधीच नाही. पहिलं लक्षण काय, तर ठेचा झोंबायला लागला. साधी भाजीसुद्धा तिखट लागायची. घरचे म्हणाले, उष्णता झाली, गुलकंद खा. मग गालाच्या आत पांढुरकं दिसायला लागलं. मग शिट्टी वाजवता येईना. मग वडापाव दाबून चपटा केल्याशिवाय तोंडात जाईना. तरी तो डॉक्टरकडे गेला नाही. गेला तो दाढ दुखली म्हणून. दातांच्या डॉक्टरांनी आ करायला सांगितलं तर जेमतेम दीड बोट तोंड उघडलं. दाढेपर्यंत अवजारच जाईना. वय तेवीस.

त्याच्यावर उपचार सुरू आहेत. गालात इंजेक्शनं, तोंड उघडायचे रोजचे व्यायाम आणि सुपारी कायमची बंद. थोडा फरक पडलाय. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की झालेलं सगळं काही परत येत नाही, आणि यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, म्हणून ठरावीक दिवसांनी तपासणी जन्मभर करायची.

ही परीक्षा तुम्ही घरी घेऊ शकता. स्वतःच्या हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, तिखट विनाकारण झोंबत असेल, गाल आतून ताठ लागत असतील, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नसेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर वाट बघूच नका.

आता पानाची बाजू. लोक लगेच म्हणतील, पत्रकारसाहेब, विडा ही आपली संस्कृती आहे. मान्य. नागवेलीचं पान स्वतः दोषी नाही. पानाला वास आहे, चव आहे, ते चावून लाळ सुटते. गुलकंद, बडीशेप, खोबरं, वेलची, लवंग घालून बिनसुपारीचा विडा महिन्यातून चारदा खाल्ला तर मी काही बोलणार नाही. (गुलकंदात साखर असते, तेवढं डायबेटिसवाल्यांनी बघावं.) चुना मात्र नखाच्या टोकावर मावेल एवढाच. जास्त चुन्याने तोंड पोळतं, आणि सुपारीबरोबर तो असला की सुपारीचा परिणाम आणखी वाढतो. चुन्याने कॅल्शियम मिळतं म्हणून रोज पान खाणाऱ्यांनी दूध प्यावं, नाचणी खावी.

बाळंतिणीच्या विड्याचंही तेच. ओवा, बाळंतशोपा, बडीशेप ठेवा. सुपारी काढा. गरोदरपणात तर सुपारी नकोच, बाळाचं वजन कमी भरण्याशी तिचा संबंध दिसलेला आहे.

"आमची आजी नव्वद वर्षं जगली, रोज पान खायची." जगली असेल. आजी दिवसाला एक-दोन पानं खायची, अडकित्त्याने सुपारी कातरायची, त्यातच अर्धा तास जायचा. आजच्या पोराच्या खिशात दहा पुड्या असतात आणि कातरायला वेळ लागत नाही. शिवाय ज्या आज्या जगल्या नाहीत, त्यांची उदाहरणं द्यायला कुणी उरलेलं नसतं.

आता कायद्याचं. महाराष्ट्राने 2012 साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली. नंतरच्या आदेशांत सुगंधित सुपारीही आली. बंदी कागदावर कशी आहे आणि टपरीवर कशी आहे, हे वेगळं सांगायला नको. विदर्भात खर्रा घोटला जातो, इकडे मावा. पण टपरी तरी उघड आहे. मला त्याहून जास्त टोचतं ते लग्नाचं टेबल, कारण तिथे सुपारी पाचक म्हणून, आग्रहाने, सहा वर्षांच्या पोरीच्या हातावर ठेवली जाते. सुपारीच्या पाकिटावर आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना छापणं बंधनकारक आहे. ताटलीत ओतली की ती सूचना कचऱ्याच्या डब्यात जाते. आणि टीव्हीवर मोठमोठे नट वेलचीची जाहिरात करतात, त्याच नावाचा पानमसाला असतो, तेव्हा तेच चाललेलं असतं. वेलचीच्या आडून सुपारी.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. केटरर आणि हॉटेलवाल्यांनी ताटलीतून सुपारीचा कप्पा काढावा. ऑर्डर देताना वधूपित्याने एक वाक्य बोलावं, "मुखवासात सुपारी नको, पानंही बिनसुपारीची." खर्च वाढत नाही, उलट थोडा वाचतो. अन्न व औषध प्रशासनाने शाळेजवळच्या दुकानांतल्या गोड सुपारीच्या माळा आधी उतरवाव्यात. घरी मुखवासाची बाटली आणली तर मागची घटकांची यादी वाचावी. आवळा सुपारी म्हणून जे मिळतं, त्यात बहुतेक वेळा नुसता आवळा असतो, ते चालेल. पण यादीत सुपारी किंवा अरेका नट लिहिलं असेल तर ती बाटली मुलांच्या हाताला नको.

आणि शेवटचं. रोज जेवणानंतर बडीशेप खाल्ल्याशिवाय छातीतली जळजळ थांबत नसेल, गिळताना अन्न अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौच काळी होत असेल, तर तो बडीशेपेचा विषय राहिलेला नाही. छातीत दडपण येऊन घाम फुटला तर "गॅस असेल" म्हणून कुणी ओवा-बडीशेप हातावर ठेवत बसू नये. गाडी काढावी आणि दवाखाना गाठावा.

तुमच्या गावातल्या शेवटच्या लग्नात त्या ताटलीत काय काय होतं, कमेंटमध्ये लिहा. केटररचं नाव नको, फक्त कप्पे सांगा.