बॅटरी थकली की मशीन तापलं?



कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर आता आपल्यापैकी बऱ्याच घरांत आला आहे आणि दोन-तीन वर्षांचाही झाला आहे. त्यामुळे एक तक्रार सारखी कानावर येते: "पूर्ण चार्ज केला तरी चार-पाच मिनिटांत बंद पडतो." फोनवरून उत्तर मिळतं, "बॅटरी गेली, नवीन घ्या." नवीन बॅटरी म्हणजे काही हजारांचा खर्च. तो करूनही मशीन पुन्हा पाच मिनिटांत थांबलं तर? म्हणून आज एवढंच बघू, की मशीन तापून थांबतं आहे की बॅटरी म्हातारी झाली आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं.

त्याआधी एक छोटा हिशोब. हातात धरायच्या अनेक मशीनमध्ये साधारण २१.६ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-अवर क्षमतेचा पॅक असतो. गुणाकार केला की ५४ वॅट-अवर. सर्वांत जोरदार मोडवर, म्हणजे टर्बो किंवा मॅक्सवर, मशीन ४५० वॅट ओढत असेल तर ही ऊर्जा जेमतेम ७ मिनिटं पुरते. म्हणजे टर्बोवर सात मिनिटांत थांबणं हा बिघाडच नाही. खोक्यावर लिहिलेली ३५-४० मिनिटं बहुधा सर्वांत हलक्या मोडची असतात. म्हणून पुढची सगळी तपासणी एकाच मोडवर करायची, शक्यतो हलक्या.

आता तापण्याची गोष्ट. व्हॅक्यूमची मोटर थंड ठेवायला वेगळा पंखा नसतो. जी हवा आपण ओढून घेतो तीच मोटरवरून जाते आणि तिची उष्णता बाहेर नेते. फिल्टर धुळीने बंद झाला किंवा नळीत मोजा अडकला की हवा कमी होते आणि उष्णता आतच साठते. मशीनमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो ठरलेल्या मर्यादेला वीज तोडतो. हे संरक्षण आहे, बिघाड नव्हे. अशा वेळी बॅटरीत चार्ज शिल्लक असतो, पण मशीन थंड होईपर्यंत चालू होत नाही. आणखी एक खूण म्हणजे आवाज. हवा अडली की मोटर हलकी पडून जास्त वेगाने फिरते, त्यामुळे आवाज चढा, किंचाळल्यासारखा येतो.

थकलेल्या बॅटरीचं वागणं वेगळं असतं. पॅकमध्ये सहा-सात लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. वयाबरोबर दोन गोष्टी होतात: सेलमध्ये मावणारा चार्ज कमी होतो आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. क्षार साचलेला नळाचा पाइप आठवा. तोटी बंद असताना दाब पूर्ण दिसतो, उघडली की धार बारीक होते. तसंच इथे मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळतं, सर्वांत अशक्त सेल खालच्या मर्यादेला पोहोचतो आणि पॅकमधलं सर्किट वीज तोडतं. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं. म्हणून मिनिटभराने बटण दाबलं तर मशीन चालू होतं, पण काही सेकंदांतच परत थांबतं.

यातूनच पहिली चाचणी मिळते. मशीन थांबलं की चार्जिंगला लावू नका. एका मिनिटाने बटण दाबा, मग पाऊण तास तसंच ठेवून पुन्हा दाबा. एका मिनिटाने काहीच झालं नाही, पण पाऊण तासाने चार्ज न करता परत काही मिनिटं छान चाललं, तर कारण उष्णता. दोन्ही वेळा सुरू होऊन लगेच बंद पडलं, तर संशय बॅटरीवर.

दुसरी चाचणी घड्याळाची. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन मशीन थांबलं, की चार्जिंगला किती वेळ लागतो ते बघा. चार्जर बहुतांश वेळ ठरावीक करंट देतो, त्यामुळे लागलेला वेळ हे मावलेल्या चार्जचं बऱ्यापैकी माप असतं. माहितीपुस्तिकेत साडेतीन तास लिहिले असतील आणि दिवा सव्वा तासातच हिरवा होत असेल, तर पॅक आक्रसला आहे.

इंदूरला माझ्या मावशीकडे दिवाळीआधी रंगकाम झालं. पुट्टी घासल्यावर उडालेली पांढरी पूड वहिनीने त्याच मशीनने साफ केली आणि तेव्हापासून ते पाच मिनिटांत थांबायला लागलं. मशीन तीन वर्षांचं, म्हणून सगळ्यांनी बॅटरीला दोष दिला. पण थांबल्यावरही तीनपैकी दोन दिवे लागलेले होते. एका मिनिटाने ते सुरू झालं नाही, पाऊण तासाने चार्ज न करता पुन्हा पाच मिनिटं चाललं. म्हणजे उष्णता. ब्रश आणि नळी काढून नुसतं मशीन चालवलं तरी तेच झालं, म्हणजे अडथळा फिल्टरमध्येच होता. पुट्टीची पूड इतकी बारीक असते की फिल्टर झटकून ती निघत नाही. फिल्टर धुता येणारा होता, म्हणून साबण न लावता साध्या पाण्याने धुतला आणि सावलीत पूर्ण २४ तास वाळवला. ओला फिल्टर कधी बसवू नये, आणि फिल्टर न बसवता मशीन कधीच चालवू नये, कारण ती पूड थेट मोटरमध्ये जाते.

त्यानंतर मशीन हलक्या मोडवर १४ मिनिटं चाललं. पाचाचे चौदा झाले, पण नवीन असताना याच मोडवर ते ३५ मिनिटं चालायचं. मग चार्जिंगचा वेळ मोजला. पुस्तिकेत साडेतीन तास होते, लागला दीड तास. ३५ पैकी १४ म्हणजे ४० टक्के, साडेतीन तासांपैकी दीड तास म्हणजे सुमारे ४३ टक्के. दोन वेगळी मापं जवळपास एकच सांगत होती. बॅटरीही थकली होती, फक्त पाच मिनिटांत थांबण्याचं कारण ती नव्हती. आधीच नवीन पॅक आणला असता तर तोही त्याच फिल्टरमागे पाच मिनिटांत थांबला असता. मावशीचं रोजचं काम बारा मिनिटांत होतं, म्हणून तिने पॅक तूर्तास बदललेला नाही.

दोन्ही कारणं अशी एकत्र असू शकतात, आणि थकलेला पॅक वाढलेल्या रोधामुळे स्वतःही जास्त तापतो. म्हणून क्रम पाळा: आधी फिल्टर, नळी आणि ब्रशला गुंडाळलेले केस साफ करा, मगच वेळ मोजा. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा मोजमाप सकाळी करा. वापरून गरम झालेला पॅकही लगेच चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या.

पॅक फुगला असेल, त्याला गोडसर उग्र वास येत असेल किंवा तो चार्ज होताना चटका बसण्याइतका तापत असेल, तर कसली चाचणी नको. वापर तिथेच थांबवा. पॅक उघडून सेल बदलायचा उद्योग घरी करू नका. आणि जुना पॅक घरच्या कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीत तो दबला तर पेट घेऊ शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे नवीन पॅक घेताना जुना परत घ्यायला सांगा.