सातव्या महिन्यातले इंजेक्शन रोह्यात की पेणला?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक माहेरी येते. समजा, सासर रोह्याला आणि माहेर पेणला. नावनोंदणी आणि तपासण्या रोह्यात झालेल्या, प्रसूती मात्र पेणला. बहुतेकींचे यात काही बिघडत नाही. पण जिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे, तिच्यासाठी नेमका हाच महिना नाजूक. तिला अँटी-डी इंजेक्शनचा पहिला डोस २८व्या आठवड्याच्या सुमारास द्यायचा असतो. रोह्याला वाटते पेणला देतील, पेणला वाटते रोह्यात दिले असेल. आणि इंजेक्शन राहून जाते.

आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण आरएच निगेटिव्ह असतात. त्यांच्या तांबड्या पेशींवर 'डी' नावाचे प्रथिन नसते. पती पॉझिटिव्ह असेल, तर बाळही पॉझिटिव्ह असू शकते. प्रसूतीत वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईच्या शरीराला या पेशी परक्या वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्याला वेळ लागत असल्याने पहिले बाळ बहुधा सुखरूप असते. पुढच्या खेपेला मात्र तीच प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात.

अशा बाळाचे रक्त पोटातच कमी होऊ लागते. जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसते. नवजात बाळांची नेहमीची कावीळ सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. बिलिरुबिन फार वाढून मेंदूत उतरले, तर बहिरेपण किंवा सेरेब्रल पाल्सी आयुष्यभर राहते. निळ्या प्रकाशाखाली ठेवून भागले नाही, तर बाळाचे रक्त बदलावे लागते. अडीच किलोच्या बाळासाठी सुमारे ४०० मिलिलिटर, म्हणजे त्याच्या अंगातल्या रक्ताच्या दुप्पट.

हे सारे टाळणारे इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. त्यात 'डी'विरुद्धची तयार प्रतिपिंडे असतात. आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी ती निकामी करतात आणि आईचे शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवायला लागण्याआधीच काम संपते. ३०० मायक्रोग्रॅमचा एक डोस बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरतो. आईची प्रतिपिंडे एकदा तयार झाली, की मात्र या इंजेक्शनचा उपयोग नाही. म्हणूनच वेळ पाळायची.

आता आपल्या रोह्याच्या सुनेकडे वळू. नोंदणीच्या वेळी तिची 'आयसीटी', म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह आली, प्रतिपिंडे नाहीत. २८व्या आठवड्यात चाचणीसाठी पुन्हा रक्त घेतले आणि मग इंजेक्शन दिले. क्रम हाच हवा. ती पेणला आली. आठव्या महिन्यात तिथे पुन्हा आयसीटी केली आणि ती किंचित पॉझिटिव्ह निघाली. ही प्रतिपिंडे इंजेक्शनमधलीच आहेत. पण इंजेक्शनची तारीख कार्डावर नसेल, तर 'हिच्यात प्रतिपिंडे आधीच तयार झाली, आता इंजेक्शनचा उपयोग नाही' असा समज होऊन प्रसूतीनंतरचा डोस नाकारला जाऊ शकतो. नोंदीतल्या एका ओळीअभावी पुढचे बाळ धोक्यात येते.

प्रसूती होताच नाळेतले रक्त घेऊन बाळाचा गट तपासायचा. तो पॉझिटिव्ह असेल, तर ७२ तासांच्या आत आईला दुसरा डोस द्यायचा. सातव्या महिन्यात दिला म्हणून हा टाळता येत नाही, कारण पहिल्याचा असर साधारण १२ आठवड्यांत ओसरतो. ७२ तास उलटले, तरी आशा सोडू नये. दहा दिवसांपर्यंत दिल्यास थोडाफार फायदा होतो.

सर्वांत जास्त निसटतो तो गर्भपातानंतरचा डोस. तिथे बाळ नाही, प्रसूतीची नोंद नाही, आणि घरात त्याबद्दल बोलणेही नाही. गर्भपात, गर्भ नळीत राहणे, गरोदरपणात रक्तस्राव किंवा पोटावर मार बसणे, या प्रत्येक वेळी निगेटिव्ह आईला अँटी-डी लागेल का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवे. नाहीतर ज्याला सगळे 'पहिले' म्हणतात, ते बाळ तिच्या शरीरासाठी दुसरे असते.

त्यामुळे पेण आणि रोह्याच्या प्रत्येक प्रसूतिकेंद्राकडून आमची मागणी साधी आहे. निगेटिव्ह आईच्या माता व बाल संरक्षण कार्डावर चार गोष्टी ठळक लिहाव्यात: तिचा गट, पतीचा गट, आयसीटीची तारीख व निकाल, आणि अँटी-डीची तारीख व मात्रा. माहेरी निघालेल्या लेकीच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांआधी ते कार्ड पडले पाहिजे.