काकडीची चमक, सफरचंदाचं मेण आणि मोबाईलमधला फोटो



आपल्या जुन्नर-आंबेगावच्या ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. कॅरेटमध्ये काळपट हिरव्या काकड्या, प्रत्येकीवर डोक्यापासून शेंड्यापर्यंत पांढरी चकाकती रेघ, आणि खाली लिहिलंय, "मेण लावलेली काकडी, खाऊ नका, पुढे पाठवा." लोकांनी पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी आमच्या शिवारातल्या एका शेडनेटवाल्याला मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "तुमचा माल चमकतो, काही लावता का?" भाव पडला तो पडलाच, वर संशय.

माझं मत सरळ आहे. नुसत्या फोटोवरून मेण आहे असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. फोटो बघून शंका घेता येते, कुठं बघायचं ते कळतं. निकाल मात्र हातात माल घेऊनच लावायचा.

आधी ती पांढरी रेघ. ती मेणाची नाही, उजेडाची आहे. गुळगुळीत गोल वस्तूवर ट्यूबलाईट पडली की लांब रेघ उमटते, बल्ब असला तर ठिपका उमटतो. ओली काकडी, तेल पुसलेली काकडी आणि मेण लावलेली काकडी, तिघींवर रेघ सारखीच दिसते. त्यात हल्लीचे मोबाईल स्वतःच हिरवा रंग गडद करतात.

मग फोटोत बघायचं काय? काकडी वेलावर असते तेव्हा तिच्यावर पांढरट भुकटी असते. द्राक्षवाल्यांना लस्टर माहीत आहे, दिसायला तसंच. पण द्राक्षावरचं ते मेण असतं आणि काकडीवरची भुकटी मुख्यतः सिलिका असते, म्हणजे वाळूत असतं ते. वेल मुळातून ते उचलतो आणि फळाच्या बारीक लवेतून ते बाहेर येतं. फोटोत काकडीवर ही भुकटी दिसली आणि तिच्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसले, तर वरून काही लावलेलं नाही असं बऱ्यापैकी धरून चाला. काही चोपडलं असतं तर भुकटी टिकली नसती.

उलट मात्र खरं नाही. भुकटी दिसत नाही म्हणजे मेण लावलं असं होत नाही. तोडणीत हात लागतो, कॅरेटमध्ये घासते, धुतली की निघूनच जाते. शेडनेट-पॉलिहाऊसमधल्या बिनबियांच्या काकडीची साल मुळातच गुळगुळीत आणि गडद. आपल्याकडच्या उघड्या रानातल्या हिमांगीसारख्या पांढरट काकडीशेजारी ती ठेवली तर कुणालाही पॉलिश केल्यासारखी वाटेल. फरक वाणाचा आहे. जपानात तर गंमतच झाली. तिकडं गिऱ्हाईक त्या पांढऱ्या भुकटीलाच औषधाचा अंश समजायला लागलं. मग शेतकऱ्यांनी सिलिका कमी उचलणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर काकडीची कलमं केली आणि बिनभुकटीची चकचकीत काकडी बाजारात आणली. तिकडं मळकट दिसली म्हणून संशय, इकडं चमकली म्हणून संशय. शेतकऱ्यानं पिकवायचं तरी काय!

वादच नको म्हणून आम्ही तिघांनी त्याच शेडनेटमधल्या एका तोड्याच्या चार काकड्या घेतल्या. (बिबट्यामुळं हल्ली तोडा चांगलं उजाडल्यावरच सुरू होतो, त्यामुळं दव उडून माल कोरडा मिळाला.) पहिली देठाला धरून तशीच ठेवली, दुसरी साध्या पाण्यातून काढली, तिसरी कोरड्या सुती फडक्यानं पुसली, चौथीवर गोडेतेलाचा एक थेंब बोटानं पसरला. ओसरीत सावलीला पांढऱ्या कागदावर मांडून बिनफ्लॅशचा फोटो काढला. तो न बघितलेल्या दोघांना मोबाईलवर दाखवला आणि विचारलं, तेल कुठलीवर? एकानं पाण्यातली दाखवली, दुसऱ्यानं पुसलेली. बरोबर कुणालाच आलं नाही.

अर्ध्या तासानं त्याच जागी दुसरा फोटो काढला. पाण्यातली सुकून बरीच मंद झाली होती, तेलाची होती तशीच चमकत होती. एका फोटोनं जे कळलं नाही ते दोन फोटोंनी थोडं कळलं. म्हणून कुणी फोटो मागितला तर एक मिळाल्या-मिळाल्या काढा आणि एक पुसून, अर्धा तास वाऱ्याला ठेवून काढा. सावलीत, फ्लॅश बंद, जवळून, देठाची बाजू दिसेल असा.

मग चारही काकड्या पांढऱ्या कोऱ्या कागदावर दाबून फिरवल्या. पाण्याचा डाग वाळून गेला. तेलाचा डाग राहिला, कागद उजेडासमोर धरला की तेवढा भाग अर्धपारदर्शक दिसतो. पुसलेलीनं डागच सोडला नाही. ही परीक्षा बाजारात उभ्या-उभ्या करता येते. पण ती तेलाची आहे. घट्ट मेण कागदावर उतरत नाही, त्यासाठी नख किंवा ब्लेड लागतं. ब्लेड आडवं धरून साल न कापता हलकं खरवडायचं. मेण असेल तर पांढरट भुगा किंवा पापुद्रा ब्लेडवर जमतो. काकडीवर असा पापुद्रा निघाला तर संशयाला जागा आहे. रंगाची शंका असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन कापसावर घेऊन साल चोळा. कापूस हिरवा झाला तर मॅलाकाईट ग्रीनसारखा रंग चढवलेला असू शकतो. भेंडी-मिरचीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणानंच ही सोपी परीक्षा सांगितलेली आहे.

सफरचंदाची गोष्ट वेगळी आहे. नारायणगाव-मंचरच्या फळगाड्यांवरचं सफरचंद चमकतं म्हणून लोक नाक मुरडतात. पण सफरचंदाला निसर्गानंच मेण दिलंय. झाडावरचं मंद दिसणारं फळ सदऱ्यावर घासलं तरी लकाकतं, कारण त्याचंच मेण गुळगुळीत होतं. मोठ्या पॅकहाऊसमध्ये फळ धुताना, ब्रश मारताना हे मेण बरंचसं निघून जातं. मग पाणी उडून फळ सुरकुतायला लागतं, म्हणून वरून पातळ थर देतात. आपल्या देशाच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांवर मधमाशीचं मेण, कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानाचं मेण किंवा लाखेपासून केलेलं शेलॅक लावायला परवानगी आहे. अट अशी की पेटीवर कोणतं मेण लावलं ते लिहिलं पाहिजे. ही सवलत फळांना आहे. भाजीवर मेण, खनिज तेल किंवा रंग चढवायला नाही. म्हणून काकडीवाल्यावर मेणाचा आरोप करणं ही साधी गोष्ट नाही, तो कायदा मोडल्याचा आरोप आहे.

सफरचंदाच्या फोटोत चमकीकडं नका बघू, खळग्यांकडं बघा. देठाचा खड्डा आणि त्याच्या उलट बाजूचा डोळा. वरून दिलेला थर तिथं साचतो आणि पांढरट कड दिसते. शीतगृहातून काढलेल्या फळाला बाहेर घाम फुटतो, तेव्हा शेलॅकचा थर ओलाव्यानं ठिकठिकाणी दुधाळ होतो. तसे ढगासारखे डाग फोटोत दिसले तर लेपाची शक्यता मोठी. मात्र खड्ड्यात फवारणीचा पांढरा अंशही साचतो, तोही असाच दिसतो. उकळतं पाणी ओतून पांढरं झालेलं सफरचंद दाखवणारे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. त्यानं फळावर मेण आहे एवढं कळतं. ते परवानगीचं आहे की भलतंच, हे कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. आणि जुनं, जास्त पिकलेलं सफरचंद काही न लावताही हाताला तेलकट लागतं, हेही ध्यानात ठेवा.

आता धुण्याचं. कार्नोबा मेण वितळायला ८० अंशांच्या वर उष्णता लागते, मधमाशीचं ६० च्या वर. हाताला सोसणारं पाणी त्याच्या बरंच खाली असतं. म्हणजे कोमट पाण्यानं मेण वितळत नाही, नरम पडतं, आणि खरं काम घासण्यानं होतं. सफरचंद दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मऊ ब्रशनं किंवा खरखरीत सुती फडक्यानं घासा, दोन्ही खळग्यांत बोट फिरवा, वाहत्या पाण्यात धुऊन कोरड्या फडक्यानं जोर देऊन पुसा. पुसताना बराचसा थर फडक्यावर येतो. सगळं निघणार नाही. ज्याला अजिबात नको त्यानं साल काढावी. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण वापरू नका, तो देठाच्या खाचेत राहतो आणि पोटात जातो.

खाण्याच्या सोड्याचं बरंच बोललं जातं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदावर जो प्रयोग झाला तो औषधांच्या अंशाचा होता, मेणाचा नव्हता. लिटरला १० ग्रॅम सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर तपासलेल्या दोन औषधांचा सालीवरचा अंश निघाला, पण सालीच्या आत शिरलेला राहिला. म्हणजे मेणासाठी ब्रश, वरच्या औषधासाठी सोडा. आधी घासा, मग सोड्यात ठेवा, नंतर साध्या पाण्यानं धुवा.

काकडीला गरम पाणी नको, साल मऊ पडते. नळाच्या वाहत्या पाण्यात तळहातानं चोळा, काटे आणि भुकटी जाईपर्यंत, देठाकडचं टोक कापून टाका. बस्स. पापुद्रा निघाला होता किंवा कागदावर तेल उतरलं होतं तर धूत बसू नका, सोलून खा, आणि गाळेवाल्याला तो कागद दाखवा. धुवायची ती खाण्याच्या वेळीच, कारण भुकटी गेलेली ओली काकडी लवकर मऊ पडते आणि सडते.

तेच शेतकऱ्यालाही लागू आहे. चकचकीत दिसावी म्हणून पाटाच्या किंवा उघड्या टाकीच्या पाण्यातून काकडी काढून ओलीच कॅरेटात भरणारे आपल्यात आहेत. त्या पाण्यातली घाण गिऱ्हाइकाच्या ताटात जाते, माल मुंबईला पोचेपर्यंत नरम येतो, आणि फोटोत तो हुबेहूब मेण लावल्यासारखा दिसतो. माती लागलेली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर भुकटी राहू द्या. आमच्या त्या शेडनेटवाल्यानं आता व्यापाऱ्याला भुकटीवर बोटांचे ठसे दिसणारा फोटो गाडी भरतानाच पाठवायला सुरुवात केलीय.