सात शेजारी आणि एक ढग



हिवाळा आला की आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक चित्रफीत हमखास फिरते. संध्याकाळचे आकाश, त्यात हजारो पक्ष्यांचा काळा ढग. तो ताणतो, आकसतो, पिळवटतो, मधूनच फाटल्यासारखा होतो आणि परत सांधला जातो. खाली कोणीतरी ओळ लिहिलेली असते, 'पहा ही शिस्त! सगळे एका नेत्याचे ऐकतात म्हणून!' या वेळी आमच्या धाकट्या जाऊबाईंनी ती पाठवली, आणि लगोलग भाच्याचे उत्तर आले, 'मामी, उलट आहे. तिथे नेताच नसतो. सगळे मिळून ठरवतात.'

मला दोघांचेही पटले नाही. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान काही माझा विषय नव्हे. पण या पक्ष्यांवर जे काम झाले आहे ते मी सवडीने वाचून काढले आहे, आणि माझे मत असे की या ढगातून नेतृत्वाचा धडा काढणे जितके चूक, तितकाच लोकशाहीचा धडा काढणेही चूक. खरी गोष्ट दोन्हींपेक्षा साधी आहे, आणि म्हणूनच जास्त नवलाची.

हे पक्षी म्हणजे युरोपातले स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या कुळातले. वीतभर लांबीचे, काळे, अंगावर ठिपके. रोम शहरात ते हिवाळ्यात लाखोंनी उतरतात. दिवसभर बाहेरच्या शेतांत चरतात आणि अंधार पडायच्या आत शहरातल्या झाडांवर रात्रीच्या मुक्कामाला येतात, कारण शहर बाहेरच्यापेक्षा जरा उबदार असते. (टायबर नदीकाठचे रस्ते त्यांच्या विष्ठेने निसरडे होतात आणि रोमकर वैतागतात, ही त्या सुंदर चित्रफितीत न दिसणारी बाजू.) झाडांवर उतरण्याआधी ते घिरट्या घालतात, तोच हा ढग.

हे कसे जमते याचा विचार जुना आहे. एडमंड सेलूस नावाच्या इंग्रज निरीक्षकाने 1931 साली याच कोड्यावर पुस्तक लिहिले आणि पक्ष्यांचे विचार एकमेकांकडे थेट पोचत असावेत अशी शक्यता मांडली. आज हसू येते; पण त्याने निरीक्षण प्रामाणिकपणे केले होते, आणि डोळ्यांना जे दिसत होते त्याला दुसरे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पुढे 1986 मध्ये क्रेग रेनॉल्ड्स याने संगणकावर असे पक्षी उडवून दाखवले. प्रत्येकाला तीनच नियम: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजाऱ्यांच्या दिशेने आणि वेगाने उड, शेजाऱ्यांपासून फार लांब जाऊ नकोस. पडद्यावर हुबेहूब थवा तयार झाला.

इथे मात्र माझ्यातली मास्तरीण जागी होते. गणिताच्या वहीत उत्तर बरोबर आले म्हणजे रीत बरोबर असे नाही. संगणकातला थवा खऱ्यासारखा दिसतो, म्हणून खरे पक्षी तसेच वागतात हे सिद्ध होत नाही. त्यासाठी खरे पक्षी मोजायला हवेत. आणि मुख्य प्रश्न उरतोच: शेजारी म्हणायचे कोणाला?

तो प्रश्न रोममध्येच सोडवला गेला, 2005 ते 2007 या हिवाळ्यांत. आंद्रेआ कवान्या, इरेने जार्दिना आणि त्यांचे सहकारी हे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्यासोबत जॉर्जो पारिसी होते, ज्यांना 2021 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले (ते पदार्थविज्ञानातल्या दुसऱ्या कामांसाठी, पक्ष्यांसाठी नव्हे). रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ पालात्सो मासिमो नावाची जुनी इमारत आहे, तिच्या गच्चीवर त्यांनी कॅमेरे लावले. दोन कॅमेरे 25 मीटर अंतरावर, आपल्या दोन डोळ्यांसारखे, म्हणजे खोलीचा अंदाज यावा. सेकंदाला दहा छायाचित्रे.

अवघड काम फोटो काढण्याचे नव्हतेच. एका फोटोत दोन हजार काळे ठिपके, दुसऱ्या फोटोत दोन हजार काळे ठिपके. यातला हा ठिपका म्हणजे त्यातला कोणता, हे ओळखायचे! जुळवणी चुकली तर पक्षी भलत्याच जागी दाखवला जातो. तोवर लोक काही डझन पक्ष्यांच्या पुढे जाऊ शकले नव्हते. यांनी तिसऱ्या कॅमेऱ्याची आणि नव्या हिशेबाची मदत घेऊन अडीच हजारांहून अधिक पक्ष्यांच्या थव्यातही प्रत्येकाची जागा काढली.

आता शेजाऱ्याचा प्रश्न. दोन शक्यता होत्या. एक, पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे लक्ष देतो. दुसरी, अंतर कितीही असो, तो जवळच्या ठरावीक संख्येकडे लक्ष देतो. वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल, पण नाही. समजा, एका दाट थव्यात पक्षी पाऊण मीटरवर आहेत आणि दुसऱ्या विरळ थव्यात दीड मीटरवर. (प्रत्यक्षातही साधारण एवढा फरक आढळला.) अंतर दुप्पट झाले की तेवढ्याच पक्ष्यांना जागा लागते आठपट, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट होतात. म्हणजे अंतराच्या नियमाने दाट थव्यात पक्ष्याला सोळा शेजारी मिळत असतील, तर विरळ थव्यात मिळतील फक्त दोन. दोन शेजाऱ्यांच्या धाग्यावर थवा टिकायचा नाही.

मग पक्षी कोणाकडे लक्ष देतो हे त्याला न विचारता कळणार कसे? ही युक्ती मला फार आवडली. त्यांनी पाहिले की पक्ष्याचा सर्वांत जवळचा शेजारी सहसा बरोबर पुढे किंवा मागे नसतो, बाजूला असतो. म्हणजे त्या दोघांच्या जागा एकमेकांवर अवलंबून आहेत. दुसऱ्या शेजाऱ्याचेही तसेच, जरा कमी. तिसऱ्याचे आणखी कमी. असे करत साधारण सहाव्या-सातव्या शेजाऱ्यापाशी हा कल नाहीसा होतो. त्यापलीकडचा पक्षी कुठल्याही दिशेला असू शकतो, जणू याचा त्याच्याशी संबंधच नाही. दहा थव्यांमध्ये हे तपासले. थवा दाट असो की विरळ, कल संपायचे अंतर बदलत गेले, पण संख्या सहा-सातच राहिली. 2008 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

याचा फायदा काय? ससाणा झेपावतो तेव्हा थवा एका जागी दाटतो, दुसरीकडे फाकतो. अंतराच्या नियमाने चालणारा पक्षी जरा लांब फेकला गेला की त्याचे शेजारीच संपतात आणि तो एकटा पडतो. एकटा पक्षी म्हणजे ससाण्याचे जेवण. संख्येच्या नियमाने चालणाऱ्याला लांब गेल्यावरही सात जण असतातच, आणि त्यांच्या मागे तो परत येतो. त्याच लोकांनी संगणकावर हल्ला घडवून पाहिला, तेव्हा अंतरवाला थवा तुकडे तुकडे झाला, संख्यावाला बराचसा एकसंध राहिला.

आता जाऊबाई आणि भाचा यांच्याकडे वळते. थव्याला वळायचे असते तेव्हा सगळे एकदम वळत नाहीत. 2014 मध्ये याच गटाने दाखवले की वळण एका जागच्या मोजक्या पक्ष्यांपासून सुरू होते आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सेकंदाला 20 ते 40 मीटर वेगाने, मध्ये न विझता, पसरते. चारशेच्या थव्यात अर्ध्या सेकंदात काम होते. आपल्या डोळ्यांना ते 'एकदम' वाटते. म्हणजे सुरुवात करणारा असतो, हे खरे. पण तो नेता नव्हे. शिवाय वळताना बाहेरचे पक्षी जोराने आणि आतले हळू, असे कवायतीसारखे घडत नाही. प्रत्येक जण सारख्याच वेगाने, सारख्याच गोलाईत वळतो, त्यामुळे वळणाआधी पुढे असलेले वळणानंतर कडेला जातात. जो क्षणभरापूर्वी पुढे होता तोच आता बाजूला! अशा जागी नेतेपद टिकणार कसे?

आणि सगळे मिळून ठरवतात असेही नाही. कोणी कोणाचे मत घेत नाही, बहुमत मोजत नाही. पक्ष्याला थव्याचा आकार ठाऊकच नसतो. त्याला दिसतात ते आजूबाजूचे काही पंख. घाबरून चुकीच्या बाजूला वळलेल्याची बातमीही अशीच पसरू शकते, कारण शेजारी खरे-खोटे तपासत नाही. हा गुण आपण माणसांनी घ्यावा असे मला तरी वाटत नाही. तो आपल्यात आधीच पुरेसा आहे.

'सात' या आकड्याचीही पोथी करू नये. पक्षी मोजत नाही; तो आकडा पक्ष्यांच्या जागांवरून काढलेली सरासरी आहे. 2012 मध्ये उडण्याच्या दिशांवरून वेगळ्या रीतीने हिशेब केला तेव्हा आकडा वीसच्या घरात आला, आणि तो फरक बराचसा हिशेबाच्या रीतीतून येतो असे खुद्द करणाऱ्यांनीच सांगितले. पक्का आहे तो एवढाच मुद्दा, की अंतर नव्हे, संख्या. तोही रोमच्या स्टार्लिंगांपुरता.

आपल्याकडे हिवाळ्यात भोरड्या येतात, म्हणजेच पळसमैना. ज्वारीच्या शेतांवर त्यांचे थवे गावाकडच्या मंडळींनी पाहिले असतील. त्याही स्टार्लिंगांच्याच नात्यातल्या आणि ढगही तसाच करतात. त्या किती शेजारी धरतात ते मात्र रोमवरून सांगता येणार नाही. पण पाहताना एक करा: ढगाच्या मध्यावर नजर ठेवू नका, कडेवर ठेवा. थवा गोळ्यासारखा नसून भाकरीसारखा पसरट असतो, म्हणून कलला की काळा होतो, सरळ झाला की विरळ दिसतो. आणि वळण कुठून सुटते ते पकडता येते का बघा. कोणाला जमले तर खाली जरूर लिहा, मला वाचायला आवडेल.