फोटोतलं पाणी

तळ्याचा हिरवा फोटो आला की लोक लगेच ‘शेवाळ वाढलंय’ म्हणतात, पण त्यातला निम्मा रंग काठावरच्या झाडांचा असू शकतो. म्हणून आधी फोटो नीट काढायला हवा. सूर्य पाठीमागे, पण जरा बाजूला ठेवा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. कॅमेरा आडवा न धरता तिरपा खाली रोखा, म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब कमी येतं. चौकटीच्या कोपऱ्यात पांढरा कागद धरा. तोच फोटोत पिवळट किंवा निळसर दिसला, तर पाण्याच्या रंगावरही विसंबू नका. मोबाइल हिरवा रंग हौसेने गडद करतोच. आता पाहा: पावसाळ्यातला चहासारखा तपकिरी रंग बहुधा गाळाचा असतो. रंग सांडल्यासारखे हिरवे पट्टे वाऱ्याने एका काठाला साचले असतील, तर नील-हरित शेवाळाचा संशय घ्या. सुटी इवली पानं दिसली, तर ती तरंगती वनस्पती, शेवाळ नव्हे. शंका उरलीच तर हातमोजे घालून पाणी काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर हलवू नका. गाळ बहुतेक तळाशी बसतो, नील-हरित शेवाळ बऱ्याचदा वर येऊन कडेला हिरवं कडं धरतं. विरघळलेलं नायट्रेट किंवा आर्सेनिक मात्र फोटोतही दिसत नाही आणि बरणीतही नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.